महिन्याभराच्या फोटोंखाली कॅप्शन कसं लिहायचं: एका जानेवारीचं उदाहरण घेऊन

महिना संपला की इन्स्टाग्रामवर सगळ्यांचे फोटो एकदम येतात, आठ-दहा फोटोंचं एक कॅरोसेल, चहा, आभाळ, रस्ता, कोणाचं तरी लेकरू, आणि खाली लिहिलेलं असते "छोट्या छोट्या गोष्टींतलं मोठं सुख" आणि एक लाल बदाम. फोटो चांगले असतात हो, पण कॅप्शन वाचून काहीच समजत नाही, कोणाचा महिना होता, कुठं होता, कायचं सुख. एक परीक्षा सांगते, तुमचं कॅप्शन उचलून तुमच्या मामेबहिणीच्या जून महिन्याच्या फोटोंखाली चिकटवून पाहा. तिथंही ते चालून गेलं तर ते अजून लिहायचंच राहिलंय असं समजा.

मी इथं एकच केस घेऊन सांगते, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. माझी धाकटी जाऊ, राहणार यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, घरी कापूस आणि तूर, तिचा जानेवारी. तिनं फोटो निवडून ठेवले होते आणि मला म्हणे, "ताई, खाली काय लिहू, तुमीच सांगा ना." मी काही लिहून दिलं नाही, फक्त विचारत गेले आणि ती सांगत गेली, आणि कॅप्शन असंच निघते, कोणीतरी विचारलं की. तुमच्याजवळ विचारणारं कोणी नसलं तरी चालते, ते प्रश्न खाली येतीलच.

महिनाभर काय करायचं

खरं काम शेवटच्या तारखेला नाही, महिनाभर असते, आणि तेही दिवसाला अर्ध्या मिनिटाचं. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, तुमच्या स्वतःच्या नंबरची चॅट उघडायची आणि ती वर पिन करून टाकायची. काही घडलं की तिथं एक ओळ टाकायची. शेतात रेंज नसली तरी बिघडत नाही, मेसेज तिथं घड्याळाचं चिन्ह घेऊन बसून राहते आणि रेंज आली की जाते, तारीख-वेळही आपोआप पडते. हात मातीचे असतील, वेचणीत असाल, तर कीबोर्डवरचं माइकचं बटन दाबून बोलायचं, मराठी बऱ्यापैकी उमटते, आणि वऱ्हाडी चुकीची उमटली तरी आपल्याला आपलं समजतेच.

ओळ म्हणजे वाक्य नाही बरं. जावेच्या चॅटमध्ये असं होतं: "बाबांचा चष्मा सुतळी". "लाईट दिवसा!!". "पुन्हा चाळणी". "मास्तरीणबाई सीट". बस. यात भावना नाही लिहायची, "खूप छान वाटलं" लिहिलं तर महिन्यानं ते वाचून काहीच आठवत नाही, चाळणी लिहिलं तर सगळं आठवते. कोण होतं, काय वस्तू होती, काय बोललं, एवढंच टाका.

आता हे कशाले करायचं, गॅलरी तर आहेच ना, असं तुम्ही म्हणाल. पण गॅलरीत तेच असते ज्याचा फोटो काढायला हात मोकळा होता. सणाचे फोटो चाळीस, आणि ज्या दिवशी एसटीत खिडकी भेटली त्या दिवसाचा एकही नाही, कारण एका हातात पिशवी आणि एका हातात पोरगं. चॅटमध्ये ओळ असली की निदान पुढच्या वेळी त्या जागेचा, त्या वस्तूचा एक फोटो नंतर काढून घेता येतो, किंवा फोटो दुसऱ्याच गोष्टीचा आणि ओळ याची, असंही जमवता येते. ते पुढं सांगते.

फोटो किती आणि कोणते

इन्स्टाग्राम आता एका कॅरोसेलमध्ये वीस फोटो घेऊ देते, आधी दहाच होते, 2024 मध्ये वाढवले. घेऊ देते म्हणून वीस टाकायचे असं काही नाही. कॅप्शन जर फोटोवार लिहायचं असेल तर आठ-नऊच्या वर गेलं की वाचणारा नंबर शोधत बसत नाही, तो निघून जाते. जावेनं सतरा काढले होते, आम्ही आठ ठेवले.

काढताना मी एकच विचारलं, "याच्याबद्दल तुला असं काही सांगता येते का जे फोटोत दिसत नाही?" संक्रांतीची रांगोळी सुंदर होती, पण सांगण्यासारखं काही नव्हतं, गेली. तिळगुळाचा फोटो गेला, तो तर सगळ्यांच्याच घरचा असते. नवीन गाडीचा फोटो तिच्या नवऱ्याला पाहिजेच होता, पण नवीन गाडी ही साधी लहानशी गोष्ट नाही ना बाप्पा, ती वेगळी पोस्ट करा आणि पेढे वाटा, लहान आनंदांच्या रांगेत ती बसवली की बाकीचे सात फोटो तिची वरात वाटायला लागतात. आणि एक फोटो होता पूर्ण हललेला, बकरीचं पिल्लू पळता पळता अर्धंच आलेलं, तो ती काढून टाकत होती, मी म्हटलं हा ठेव. का, ते त्याच्या ओळीत दिसेल.

क्रम लावायची एक बारीक गोष्ट. पहिला फोटो ज्या आकाराचा घेतला तोच आकार साधारण पुढच्या फोटोंनाही लागतो, म्हणून पहिला आडवा ठेवला की मागचे उभे फोटो डोक्याकडून, पायाकडून कापले जातात. मोबाईलवर आपले बहुतेक फोटो उभे असतात तर पहिला उभाच घ्या. आणि क्रम एकदाचा पक्का झाल्याशिवाय कॅप्शन लिहायला बसू नका, कारण खाली नंबर टाकणार आहोत, आणि तिसरा फोटो पाचवा झाला की चष्म्याच्या फोटोखाली रोडग्याची, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, ओळ जाते. हे लय होते, आणि टाकणाऱ्याला दिसत नाही, वाचणाऱ्याला दिसते.

तारखेनंच क्रम लावला पाहिजे असं नाही. सुरवातीला तो फोटो ठेवा जो पाहून माणूस म्हणते हे काय चाललंय, आणि सारखे दोन एकामागं एक ठेवू नका, दोन खायचे फोटो लागून आले की दुसऱ्याची ओळ कोणी वाचत नाही.

ओळ लिहायची ती फोटोत नसलेल्या गोष्टीची

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, बाकी सगळं वरवरचं आहे.

जावेचं पहिलं लिखाण असं होतं: "1. तुरीच्या शेंगा. 2. कापूस. 3. बाबांचा चष्मा. 4. लाईट. 5. हळदीकुंकू. 6. रोडगे पार्टी. 7. एसटी प्रवास. 8. क्यूट पिल्लू." हे कॅप्शन नाही, सामानाची यादी आहे. शेंगा आहेत हे दिसूनच राहिलं, ते कशाले लिहायचं. कॅमेऱ्याले वास येत नाही, आवाज येत नाही, आधी काय झालं नंतर काय झालं ते माहीत नसते, कोण फोटोच्या बाहेर उभं होतं ते माहीत नसते. ओळीत यातलं एक टाकायचं. एकच. दोन टाकले की ओळ जड होते.

म्हणून प्रत्येक फोटोला मी हेच विचारत गेले: फोटो काढायच्या एक मिनिट आधी काय झालं? कोण काय बोललं? फोटोच्या बाहेर कोण होतं? यात विशेष काय, रोज तर होतच असते?

कापसाचा फोटो घ्या. बैठकीच्या खोलीत छताला लागेल एवढा कापूस, पांढराशुभ्र, आणि त्यावर तिचा लहाना आडवा पडलेला. तिनं लिहिलं होतं "पांढरं सोनं". आता पांढरं सोनं हे प्रत्येक पेपरात, प्रत्येक भाषणात येते, त्यात तिचं काय. मी विचारलं, कापूस बैठकीत कशाले? तर म्हणे, भाव वाढायची वाट पाहून राहिलो, गोठ्यात जागा नाही. मग टीव्ही? "टीव्ही कापसाच्या मागं गेला ना ताई, दोन हप्ते झाले." मग संध्याकाळी करता काय? "ओट्यावर बसतो सगळे. बाबा गोष्टी सांगतात. पोरगं रिमोट घेऊन फिरते."

झालं, भेटली ओळ. रिमोट घेऊन फिरणारं पोरगं. हे दुसऱ्या कोणाच्या कॅप्शनमध्ये येणार नाही. आणि यात ओट्यावर बसायचा आनंद लिहावाच लागत नाही, तो टीव्ही मागं गेल्याचं सांगितलं की आपोआप येते. "मोबाईल-टीव्हीच्या जमान्यात आम्ही पुन्हा एकत्र बसू लागलो" असं लिहिलं की मात्र सगळं मातीत, तिथं कॅप्शन संपते आणि व्याख्यान सुरू होते.

चष्म्याचा फोटोही तसाच. सासरेबुवांच्या चष्म्याची एक काडी तुटली, त्यांनी सुतळीनं कानाला बांधला. फोटोत सुतळी दिसते. काय नाही दिसत? "यवतमाळले जाऊन नवीन आणला ताई, तर म्हणतात हा शेतात नाही चालत, हा पडते." नवीन चष्मा डब्यात आणि जुना सुतळीनं कानाला, हे फोटोत नव्हतं. तेच लिहायचं.

लाईटचा फोटो म्हणजे उन्हात चालू असलेली मोटर आणि पाटात पाणी. बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही. शेतीच्या लाईनला थ्री-फेज कधी दिवसा कधी रात्री अशी पाळीनं असते, रात्रीची पाळी असली की जानेवारीच्या थंडीत दोन वाजता उठून बॅटरी घेऊन पिकाला पाणी ओलायला जावं लागते, साप-विंचवाची भीती वेगळी. त्या हप्त्यात दिवसाची पाळी होती. पण हे सगळं समजावून ओळीत घालायला लागलं तर ती महावितरणवरची बातमी होईल. त्यापेक्षा नवरा काय करत होता? "झोपून होते रात्रभर, सकाळी उठून म्हणे, अरे मी तर झोपलो." हेच लिहायचं. ज्याला शेतीची लाईट माहीत आहे तो हसेल, ज्याला नाही तो कमेंटमध्ये विचारेल, आणि विचारलेलं चांगलंच.

इथं एक मर्यादा आहे पण. घरातल्याच पाच जणांना कळेल असं सगळंच लिहिलं तर बाकीचे बाहेर उभे राहतात. आठ ओळींत एक-दोन अशा चालतात. रोडग्याच्या ओळीत तिनं लिहिलं होतं "पुन्हा त्याच झाडाखाली, ज्याला माहीत त्याला माहीत", मी म्हटलं हे काढून टाक, लोकांना वाटते काही लफडं आहे.

आणि पिल्लाचा हललेला फोटो, तिथं ओळ फोटोबद्दलच लिहिली, कारण त्यातली गंमतच ती होती की सगळे फोटो असेच आले.

फोटोच नाही पण ओळ चांगली आहे, असंही होते. "मास्तरीणबाई सीट" ही तिच्या चॅटमधली ओळ, एसटी गच्च भरलेली, एका ओळखीच्या बाईंनी पोराला मांडीवर घेतलं आणि यवतमाळपर्यंत पाढे म्हणवून घेतले. फोटो फक्त तिकिटाचा होता. तिकिटाचाच ठेवला. साधा फोटो आणि चांगली ओळ हे जोडपं जमते, चांगला फोटो आणि साधी ओळ तेवढं जमत नाही.

सगळ्या ओळी एका मापाच्या नको

आठही ओळी लिहून झाल्या की एकदा मोठ्यानं वाचा. ओळींचा शेवट सारखा यायला लागतो, "...आणि मन भरून आलं", "...आणि दिवस सार्थकी लागला", "...अजून काय पाहिजे". एकदा आलं तर ठीक, तीनदा आलं की लग्नपत्रिका वाचल्यासारखं होते. शेवटचे ते तीन-चार शब्द कापून टाका, ओळ तशीच उभी राहते, बहुतेक वेळा जास्त चांगली. एखादी ओळ तीन शब्दांची असू द्या, एखादी लांबच लांब. सगळ्या सारख्या लांबीच्या आल्या तर समजा कुठंतरी ओढूनताणून भरलंय.

बोली ठेवा. घरी आलू म्हणता तर बटाटा नका लिहू, माय म्हणता तर आई नका लिहू. फक्त पूर्ण कॅप्शनमध्ये एकच भाषा ठेवा, पहिल्या ओळीत वऱ्हाडी आणि पाचव्या ओळीत एकदम "सदर क्षण अविस्मरणीय ठरला" असं झालं की वाचणाऱ्याला वाटते दुसऱ्यानं लिहिलं.

महिना वाईट गेला असेल तर

यंदा डिसेंबरच्या धुवारीनं, म्हणजे धुक्यानं, त्यांच्या तुरीचा फुलोरा गळला, तूर अर्धीच राहिली. जावेला प्रश्न पडला, हे लिहायचं का? लहान आनंदांचं कॅरोसेल आहे, त्यात नुकसान कायले, असं तिला वाटे. पण शेंगांचा फोटो तर त्याच तुरीचा. ते लपवून "ताज्या शेंगांची मजा" लिहिलं असतं तर गावातल्या कोणीही वाचून म्हटलं असतं, हिची तूर तर गेली ना.

अशा वेळी एकदाच, सरळ, त्या फोटोच्याच ओळीत सांगायचं आणि पुढं जायचं. वेगळा पॅरा नाही, "तरीही आम्ही हसतो" नाही. "धुवारीतून ज्या वाचल्या त्या" एवढं पुरते. आणि घरात कोणी गेलं असेल, मोठं काही झालं असेल, तर त्या महिन्याचं कॅरोसेल करूच नका, दर महिन्याला टाकायचा काही नेम नाही घेतला आपण. पुढच्या महिन्यात दोन्हीचं मिळून टाका.

पहिली ओळ सगळ्यात शेवटी

फीडमध्ये कॅप्शनची सुरवातीची एक-दोन ओळच दिसते, साधारण सव्वाशे अक्षरं, मग `more` येते. ते दाबलं तरच बाकीचं उघडते. म्हणजे आठ ओळी कितीही चांगल्या लिहा, दार पहिल्या ओळीचंच. आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, "शेंगा" दिसायला दोन अक्षरं पण मोजणीत पाच जातात, त्यामुळं आपल्याला वाटते त्याच्या आधीच ओळ तुटते. पूर्ण कॅप्शनची मर्यादा 2200 आहे, तिथंही हाच हिशोब, पण आठ-नऊ ओळींच्या कॅप्शनला ती काही आडवी येत नाही.

म्हणून पहिल्या ओळीत "जानेवारी 2025", "गुडबाय जानेवारी", "काही क्षण" असलं काही घालून जागा खाऊ नका. महिन्याचं नाव ओळीच्या आतच आणा. आणि ओळ नवीन बनवू नका, लिहिलेल्या आठातली जी सगळ्यात विचित्र आणि खरी आहे ती उचलून वर न्या. आमच्याकडं ती कापसाची निघाली, म्हणून कापसाचा फोटोही पहिला झाला, आणि मग नंबर पुन्हा एकदा तपासले.

शेवटी तिचं कॅप्शन असं झालं:

> यंदाच्या जानेवारीत बैठकीत कापूस होता, म्हणून टीव्ही कापसाच्या मागं आणि आम्ही ओट्यावर.
>
> 1. पोरगं अजूनही रिमोट घेऊन फिरते.
> 2. धुवारीतून ज्या शेंगा वाचल्या त्या. मीठ जरा जास्तच पडलं, तरी गंज रिकामा.
> 3. बाबांचा नवीन चष्मा डब्यात आहे. तो शेतात पडते म्हणे.
> 4. दिवसाची लाईट आली. हे सकाळी उठून स्वतःच म्हणाले, अरे, मी तर झोपलो.
> 5. हळदीकुंकवाला तिसरी चाळणी. आता चाळायले काही तरी पाहिजे.
> 6. एसटीत दारव्हा ते यवतमाळ, सातचा पाढा पाठ. तिकीट अर्धं, पाढा पूर्ण.
> 7. रोडगे वरून कोळसा दिसतात. फोडून पाहाल तेव्हा समजेल. राख झटकायचं काम ज्याले दिलं तो दोन खाऊन परत आला.
> 8. याचे सगळे फोटो असेच आहेत.

पाचवी ओळ पाहा. वाणात मिळालेल्या तीन प्लास्टिकच्या चाळण्या एकात एक ठेवून फोटो काढलाय. आधी तिनं लिहिलं होतं "सगळ्यांना धन्यवाद, खूप छान वाण", पण ते खरं नव्हतं ना, ती तर मला फोनवर हसून राहिली होती. फोनवर ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात लिहायचं. फक्त चाळणी कोणी दिली ते लिहू नका, गाव लहान असते, आणि तिघींपैकी दोघी फॉलो करतात.

सातवीत एक ओळ जास्तीची आहे, मी तोडायला सांगितली होती, तिनं नाही तोडली. तिचं बरोबर होतं बहुतेक. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा राखेतून काढून झटकायचा, फोडायचा आणि तुपात बुडवायचा, आणि झटकायच्या आधीच ज्याच्या हाती पहिला येते तो काही थांबत नाही, हे सगळं त्या "दोन खाऊन परत आला" मध्ये आलं.

टाकायच्या आधी

कॅप्शन ॲपमध्ये टाईप करू नका, नोट्समध्ये किंवा त्याच चॅटमध्ये लिहून ठेवा आणि तिथून कॉपी करा. गावच्या रेंजवर आठ फोटो चढायला वेळ लागते, मधात अडकते, आणि एखादवेळ पूर्ण लिहिलेलं जाते. ॲपमधला ड्राफ्टही त्याच फोनमध्ये राहते, ॲप काढून पुन्हा टाकलं की गेला. रेंज कमी असेल तर संध्याकाळी गर्दीच्या वेळी नका टाकू, सकाळी लवकर चढते.

फोटोत जे जे आहेत त्यांना दाखवा. आपल्याकडं हे कोणी करत नाही, पण सासरेबुवांचा सुतळीचा चष्मा पूर्ण तालुक्याला दाखवायच्या आधी त्यांना एकदा विचारलं पाहिजे. ते म्हणे, "टाक, पण बंडी घातलेली नको दिसू देऊ." तेवढा कापला. लेकरांचे फोटो असतील तर शाळेचं नाव असलेला युनिफॉर्म, बॅज दिसते का पाहा. लोकेशन टाकायचंच असेल तर तालुक्याचं टाका, घराचं-शेताचं नको, आणि बैठकीत छताला लागेल एवढा कापूस भरून आहे हे घराच्या पत्त्यासकट सांगायची काही गरज नाही. म्हणूनच जावेनं कापूस विकल्यावर पोस्ट केलं, फेब्रुवारीच्या दुसऱ्या हप्त्यात. उशीर झाला तर झाला, पहिल्या ओळीत "होता" आहेच.

हॅशटॅग दोन-तीन पुरे, आणि ते सगळ्यात खाली, आठव्या ओळीला चिकटून नको. ओळींमध्ये मोकळी ओळ सोडायची असेल तर कॉपी केल्यावर एकदा पाहून घ्या, कधी कधी सगळं एकाला एक लागून येते आणि नंबर ओळीच्या मधात जातात.

टाकल्यावर कॅप्शन बदलता येते, चूक दिसली तर घाबरू नका. नवीन फोटो मात्र मागून घालता येत नाही, काढता येतो. एखादा काढला, समजा तिसरा, कारण बाबांचं मन बदललं, तर लगेच कॅप्शनमध्ये जाऊन पुढचे सगळे नंबर एकानं कमी करा आणि तिसरी ओळ पूर्ण काढा, नाहीतर मोटरच्या फोटोखाली चष्मा जाते. आणि मागून काही आठवलं तर ते कॅप्शनमध्ये कोंबत बसू नका, स्वतःच पहिली कमेंट टाका. जावेनं टाकली होती: "चाळणी पाहिजे असल्यास सांगा."